राजीनाम्याची दुसरी प्रत

गेल्या महिन्यात आईला साठ वर्षे पूर्ण झाली आणि आमच्या कळंबा रस्त्यावरच्या घरी तिची एकसष्ठी झाली. औक्षणानंतर मी एक पत्र वाचावे, असे धाकट्या भावाने परस्पर ठरवून टाकले होते. घरात लिहिण्याचा सराव मला आहे, एवढेच त्यामागचे कारण. मी बसले आणि अर्ध्या तासात पान भरले. ‘आई, तू आमच्यासाठी नोकरी सोडलीस, तुझ्या त्यागाचे ऋण फिटणार नाही,’ या धर्तीचे ते पान होते. वाचून पाहिले, तेव्हा लक्षात आले की त्यातले आईचे नाव बदलले असते, तर कोल्हापुरातल्या कोणत्याही घरात ते चालून गेले असते. आई माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत असे. फळ्यावर नुसते उत्तर लिहिणाऱ्याला ती अर्धेच गुण देई आणि विचारी, ‘उत्तर असेल बरोबर, पण रीत कुठे आहे?’ माझ्या पत्रात उत्तर होते, रीत नव्हती.

रीत सापडली ती तिच्या पत्र्याच्या पेटीत. बी. एड.चे प्रमाणपत्र, शिक्षणाधिकाऱ्यांनी दिलेल्या मान्यतेचे पत्र आणि काही पगारपत्रके यांच्याखाली तिच्या राजीनाम्याची प्रत होती. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयी महाराष्ट्रात १९७७ चा जो कायदा आहे, त्याच्या सातव्या कलमात राजीनामा कसा द्यावा हे सांगितले आहे. कर्मचाऱ्याने तो दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत संस्थेला रजिस्टर्ड टपालाने पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी. संस्थाचालकांनी दबाव आणून कोऱ्या कागदावर सह्या घेऊ नयेत, म्हणून केलेली ही तरतूद आहे आणि ती शहाणपणाची आहे. आईवर संस्थेचा दबाव नव्हता. ज्या गोष्टींचा होता, त्यांची दखल घेणारे कलम कोणत्याच कायद्यात नाही. तिच्या प्रतीवर जून १९९६ ची तारीख आहे आणि कारणाच्या जागी दोनच शब्द आहेत : ‘कौटुंबिक कारणास्तव’.

या दोन शब्दांमागे काय होते, ते सांगणे हाच आईला लिहिलेल्या पत्राचा विषय असायला हवा होता, असे मला आज वाटते. त्याग हा शब्द मोठा असल्यामुळे त्याच्याखाली सगळेच झाकले जाते, आणि जे झाकले गेले त्याविषयी पुढे कोणाला प्रश्न विचारता येत नाही.

त्या वर्षी आमच्या घरात तीन गोष्टी एकत्र आल्या. आजीला पक्षाघात होऊन तिची उजवी बाजू गेली. भाऊ अकरा महिन्यांचा होता. बाबा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत पाळीवर होते आणि महिन्यातले पंधरा दिवस रात्री घरी नसत. आईने आधी बिनपगारी रजा मागितली. एक सत्र मिळाले, दुसऱ्या सत्राला बदली शिक्षिका मिळत नाही म्हणून नकार आला. राज्य शासनाने अनुदानित शाळांतील शिक्षिकांनाही लागू होणारी १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली ती २०१८ मध्ये, म्हणजे भाऊ नोकरीला लागण्याच्या सुमारास. तीही अपत्यांसाठी आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासूसाठी तशी रजा आजही नाही, आणि आमच्या घरातले मोठे काम तर तेच होते.

अशा वेळी ज्याचा पगार कमी त्याने नोकरी सोडावी, हा व्यवहार आहे असे सांगितले जाते. हे मी स्वतःही पुष्कळ वर्षे खरे मानत होते. पेटीतल्या पगारपत्रकाने तो समज गेला. १९९६ मध्ये आईचा पगार महागाई भत्ता आणि घरभाडे धरून साडेचार हजारांच्या आसपास होता आणि बाबांचा त्याहून थोडा कमी होता. शिवाय तिची नोकरी अनुदानित शाळेतली, कायम आणि निवृत्तिवेतनाची होती, तर बाबांची खासगी कारखान्यातली होती. केवळ व्यवहारच पाहायचा, तर राजीनामा कोणी द्यायला हवा होता, हे तिसरीतल्या मुलालाही सांगता आले असते. तो प्रश्न आमच्या घरात कोणी मांडलाच नाही. बाबांना मी आता विचारले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘तसं काही डोक्यातच आलं नाही.’ ते खोटे बोलत नव्हते, आणि म्हणूनच हे उत्तर मला जास्त अस्वस्थ करते.

तोटा किती झाला, हे मोजणे अवघड नाही. निवृत्तिवेतनाच्या नियमांनुसार राजीनामा दिला की आधीची सगळी सेवा जप्त होते. म्हणजे आईची आठ वर्षे, परीक्षांचे गठ्ठे आणि दुरुस्ती वर्गांसकट, सेवापुस्तकातून हिशेबापुरती पुसली गेली. हाती आला तो तिच्याच पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी. तिच्याबरोबर १९८८ च्या जूनमध्ये रुजू झालेल्या एक बाई २०२३ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या. बारा वर्षांनंतरची वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी त्यांना मिळाली होती, आणि आज त्यांचे मूळ निवृत्तिवेतन चाळीस हजारांहून अधिक आहे. त्यावर महागाईवाढ वेगळी. बाबा २०१९ मध्ये निवृत्त झाले. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत पगाराची मर्यादा धरून त्याला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे असते. मर्यादा वर्षानुवर्षे ६,५०० रुपये होती आणि २०१४ मध्ये १५,००० झाली. या हिशेबाने बाबांना महिना तीन हजारांच्या थोडे वर मिळतात. आमच्या घराने चाळीस हजारांचे निवृत्तिवेतन सोडले आणि तीन हजारांचे राखले, आणि हे करताना आपण व्यवहारी आहोत अशी आमची समजूत होती.

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिकपणे येतो : आईच्या मायेला रुपयांत मोजता का? मी मायेला मोजत नाही. माया तिने शाळेत असतानाही केली होती आणि आता साठीनंतरही ती करते, त्यासाठी राजीनामा लागला नव्हता. राजीनामा लागला तो कामासाठी. ते काम काय होते, हे एका गोष्टीवरून सांगते.

आजी अंथरुणावर नऊ वर्षे होती आणि त्या नऊ वर्षांत तिच्या पाठीला एकही शय्याव्रण झाले नाही. ज्यांनी घरात असा रुग्ण सांभाळला आहे, त्यांना या वाक्याचा अर्थ कळेल. हालचाल नसलेल्या माणसाची माकडहाडाची जागा, टाचा आणि खुबे सतत दाबाखाली राहतात, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि कातडी आतून मरू लागते. वर दिसते ती केवळ लाली. त्या लालीवर बोट दाबून उचलायचे असते. जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर अजून वेळ आहे. ती लालच राहिली, तर जखमेची सुरुवात झालेली आहे. यावर औषध असे नाही, दर दोन तासांनी कूस बदलणे हाच उपाय आहे, आणि दोन तास म्हणजे रात्रीचेही दोन तास. आई अकराला, एकला, तीनला आणि पाचला उठत असे. आजीला ओढून सरकवले तर चादरीच्या घर्षणाने कातडी सोलते, म्हणून तिला उचलूनच फिरवावे लागे. दोन गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली घडी घातलेले जुने लुगडे, चादरीला एकही सुरकुती नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने डावी, पाठ, उजवी असा तक्ता आखला होता आणि प्रत्येक पाळीनंतर ती खूण करत असे. विज्ञानाच्या शिक्षिकेची ती नोंदवही होती, पण आम्ही मुले तिच्यावर दुधाचा हिशेब लिहीत असू.

रात्री चार वेळा उठून आई सकाळी भावाचे दूध, माझा डबा आणि बाबांच्या पाळीप्रमाणे बदलणारा स्वयंपाक करत असे. हे मी दुःख सांगण्यासाठी लिहीत नाही. हे एक कौशल्याचे काम होते, त्याला निरीक्षण, शिस्त आणि अंगमेहनत लागत होती आणि ते चुकले असते तर एका माणसाच्या शरीराला भोक पडले असते, एवढेच मला म्हणायचे आहे. पाहुणे मात्र म्हणत, ‘सूनबाई घरीच असते ना, बरे आहे.’

आता सार्वजनिक प्रश्नाकडे येते. असे काम करणाऱ्या बाईचे मोल आपल्या कायद्याला माहीत नाही, असे नाही. कायदा ते मोजतो, मात्र ती अपघातात मेल्यानंतर. मोटार अपघात दाव्यात मृत व्यक्तीच्या उत्पन्नावरून भरपाई ठरते, आणि गृहिणीला पगार नसल्याने न्यायालयांना तिचे उत्पन्न मानीव धरावे लागले. मोटार वाहन कायद्याच्या १९९४ च्या अनुसूचीत त्यासाठी एक सोपा आकडा होता : कमावत्या जोडीदाराच्या उत्पन्नाचा एकतृतीयांश. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या लता वाधवा खटल्यात, २०१० च्या अरुण कुमार अग्रवाल खटल्यात आणि ५ जानेवारी २०२१ च्या कीर्ती खटल्यात या प्रश्नाचा अधिक खोलात विचार केला. शेवटच्या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाचा दाखला दिला. घरातील विनामोबदला कामावर स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे त्यात आढळले होते. हे निकाल वाचताना माझ्या मनात एकच विचार येत राहिला, की हे सगळे न्यायाधीश ज्या बाईविषयी इतके चांगले लिहीत आहेत, ती ते वाचायला उरलेली नाही.

या निकालांत मोजण्याच्या तीन रीती सांगितल्या आहेत. पहिली, तिने बाहेर नोकरी केली असती तर काय मिळवले असते ते धरायचे. दुसरी, ती करत असलेले काम पैसे देऊन करून घ्यायचे तर किती खर्च आला असता ते धरायचे. तिसरी, लग्न ही बरोबरीची भागीदारी मानून जोडप्याच्या मिळकतीतला निम्मा भाग तिचा समजायचा.

पहिल्या रीतीने आईचा आकडा मोठा येतो, तो मी वर मांडलाच आहे. पण तीच रीत आमच्या शेजारच्या मावशींना लावली, तर काय होईल? त्या चौथीपर्यंत शिकल्या, कधी नोकरीला गेल्या नाहीत, आणि त्यांनीही अंथरुणावरचा सासरा सहा वर्षे सांभाळला. आईने फिरवलेली कूस बी. एस्सी. असल्यामुळे महाग आणि मावशींनी फिरवलेली स्वस्त, असे होऊ शकत नाही. दुसरी रीत ऐकायला न्याय्य वाटते, पण ती ज्या बाजारभावावर उभी आहे तो भावच मुळात पडलेला आहे. रुग्णाची सेवा करणाऱ्या आणि धुणीभांडी करणाऱ्या बायकांना कमी पैसे मिळतात, कारण हे काम घरोघरी फुकट होते अशी सर्वांची सवय आहे. मग त्या कमी पैशांवरूनच घरातल्या बाईची किंमत काढायची, हा चक्राकार हिशेब आहे. आईने असा पुरावा मांडणाऱ्या मुलाची वही परत केली असती.

मला तिसरी रीत पटते. भागीदारीत कोण गल्ल्यावर बसला आणि कोण गोदामात राबला, यावर हिस्सा बदलत नाही. पण ही रीत मान्य केली, तर ती मरणोत्तर भरपाईपुरती ठेवता येत नाही. भागीदाराचा हिस्सा तो जिवंत असतानाच त्याच्या नावावर असतो. आपल्याकडे महाराष्ट्रात तसे नाही. लग्नानंतर नवऱ्याच्या पगारातून त्याच्या एकट्याच्या नावावर घेतलेले घर त्याचे एकट्याचे असते. बायकोला तेथे राहण्याचा हक्क असेल, पोटगीचा असेल, तो वारल्यावर वारसाहक्क असेल, पण मालकी नसते. आंबोलीचा घाट उतरून गोव्यात गेले की चित्र बदलते. तेथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची निम्मी निम्मी धरली जाते आणि स्थावर विकायची तर बायकोची संमती लागते. तेथील संहितेने कारभार नवऱ्याच्याच हाती ठेवला, तेव्हा ती आदर्श आहे असे मी म्हणणार नाही. पण कोल्हापुरातून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचता येते इतक्या अंतरावर ही व्यवस्था चालू आहे, तेव्हा ती अशक्य आहे असे तरी कोणी म्हणू नये. मद्रास उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये, नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत घर सांभाळणाऱ्या पत्नीचा बरोबरीचा वाटा मान्य केला. तो एका खटल्यापुरता निकाल आहे, महाराष्ट्रातला कायदा नव्हे.

कायदा बदलेपर्यंत काय, याचे एक उत्तर महाराष्ट्रात पूर्वी देऊन झाले आहे. १९८९-९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम घेतली आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. मला त्यातला शब्द आवडतो. मुक्त व्हायचे होते ते नवऱ्याने, घरच्या लक्ष्मीच्या कर्जातून. तेव्हा बायकोला काही दिले जात नव्हते, तिचे तिला परत केले जात होते.

म्हणून आईच्या पत्राचा मधला भाग मी असा लिहिला :

‘आई, तू काय दिलेस ते मी एकदा नावानिशी लिहिते. आठ वर्षांची सेवा दिलीस, जी नियमाने पुसली गेली. सत्तावीस वर्षांचा पगार आणि त्यानंतरचे निवृत्तिवेतन दिलेस. नऊ वर्षांच्या रात्री दिल्यास, एकेका रात्री चार वेळा. दहावीच्या वर्गावर उभे राहून प्रमेय पूर्ण झाल्यावर खडू खाली ठेवण्याचे जे सुख तू अजूनही बोलता बोलता सांगतेस, ते दिलेस. आणि नोकरी सोडताना मिळालेले भविष्य निर्वाह निधीचे तेवीस हजार रुपये दिलेस. ते या घराच्या जागेच्या पहिल्या हप्त्यात गेले. त्या जागेच्या कागदावर नाव मात्र बाबांचे एकट्याचे आहे.’

शेवटचे वाक्य वाचताना माझा आवाज बदलला असावा, कारण मामा पानावरून उठले. बाबा उठले नाहीत. ही माहिती त्यांना नवी नव्हती, पण ती कोणी मोठ्याने वाचलेली त्यांनी कधी ऐकली नव्हती. दोन दिवसांनी त्यांनीच वकिलांना फोन केला.

पतीने पत्नीला राहते घर द्यायचे तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र लागते, स्थानिक अधिभार वेगळा असतो. दोन साक्षीदार, दुय्यम निबंधकांसमोर नोंदणी आणि मग मिळकत पत्रिकेवर फेरफार, इतके सोपे ते आहे. अडचण आली ती भाषेची. दस्ताचे नाव ‘बक्षीसपत्र’ आणि मसुद्यात छापील वाक्य : ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता’. मी वकिलांना म्हटले की हे बक्षीस नाही, आणि मोबदला तर अठ्ठावीस वर्षे आधीच दिलेला आहे. ते हसले आणि म्हणाले की तसे लिहिले तर तो विक्रीचा व्यवहार धरला जाईल आणि शुल्क त्याप्रमाणे पडेल. त्यांचे बरोबर होते. प्राप्तिकर कायद्याचीही हीच समजूत आहे : पुरेशा मोबदल्याशिवाय पत्नीला घर दिले, तर वरच्या मजल्याचे भाडे करापुरते नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. म्हणजे कागदावर तिचे नाव आले, तरी सरकार तिला मालकीण मानायला थोडे कचरतेच. तिच्या राजीनाम्यातल्या ‘कौटुंबिक कारणास्तव’ या शब्दांनी जे लपवले, तेच या दस्तातले ‘प्रेमापोटी’ पुन्हा लपवत होते.

बरीच वाटाघाट झाल्यावर वकिलांनी एवढे मान्य केले की दस्ताच्या प्रस्तावनेत, जागा घेताना पत्नीच्या भविष्य निर्वाह निधीतील रक्कम वापरली होती, असा उल्लेख करता येईल. मसुदा टंकलिखित होऊन घरी आला. आईने चष्मा लावून तो सावकाश वाचला, दोन ठिकाणचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, आणि ‘रुपये २३,०००’ वर पेन टेकवून थांबली.

‘तेवीस हजार चारशे बारा,’ ती म्हणाली, ‘नीट लिहा.’